आधी तुमच्या कानावर

व्यवस्थापकसाहेबांच्या शर्टाच्या खिशात सोमवारपासून एक पत्र होतं आणि गुरुवारी सकाळपर्यंत त्या पत्राचं वजन पाच किलो झालं होतं. खोटं वाटत असेल तर साहेबांच्या बायकोला विचारा. साहेब डावीकडे झुकून चालतात हे तिनेच आधी पाहिलं.

"बढती दुसऱ्याची आणि घाम तुम्हाला," चहा ओतता ओतता ती म्हणाली.

"जाहीर मला करायची आहे ना."

"मग करा की. वाचून दाखवा मला. मी तुमचा सगळा स्टाफ."

साहेब उभे राहिले, खाकरले, घरच्या फ्रिजकडे बघून म्हणाले, "सहकाऱ्यांनो, आपल्या घडी विभागातल्या बटणताई आजपासून आपल्या सुपरवायझर..."

"आणि सर्जनकाकांना सांगितलंत?"

साहेब मटकन खाली बसले. चहा तसाच राहिला आणि त्यावर साय धरली.

हे सर्जनकाका म्हणजे डॉक्टर नव्हेत. साहेबांची लॉन्ड्री इस्पितळांचे कपडे धुते. रोज चार हजार चादरी, उशांचे अभ्रे, गाऊन, लंगोट. मळका कपडा आला की तो आधी हाताने चाचपून, निवडून मग मशीनमध्ये जातो, आणि हे काम काका एकतीस वर्षं करत आले होते. चादरींच्या गठ्ठ्यात हरवलेली कात्री, चिमटा, सुई काकांच्या बोटांना आपोआप सापडायची. एकदा त्यांना एक अख्खी कवळी सापडली होती, आणि ती कुठल्या मजल्यावरच्या, कुठल्या खाटेवरच्या आजोबांची हेसुद्धा त्यांनी गठ्ठा नुसता उचलून सांगितलं होतं म्हणे. आजोबा त्या वेळी जेवायलाच बसले होते. म्हणून सर्जन.

महिन्यापूर्वी जुने सुपरवायझर, चष्मेवाले, निवृत्त झाले. जागेसाठी दोघांनी अर्ज केला, काकांनी आणि बटणताईंनी. मुलाखत झाली त्या संध्याकाळी काका साहेबांच्या टेबलाशी आले आणि टोपी हातात घेऊन म्हणाले, "जे काय ठरेल ते ठरेल साहेब. फक्त चारचौघांत कळायला नको मला. आधी मला एकट्याला सांगा."

"काका, काय बोलता! आधी तुमच्या कानावर घालीन, मग बाकी जगाच्या."

हा शब्द साहेबांनी दिला होता. पत्र सोमवारी आलं. सोमवारी साहेब काकांच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. मंगळवारी गेले, कडीला हात लावला, परत फिरले. बुधवारी तर आत जायचा पांढरा डगलासुद्धा घातला, मग त्यांना एकदम आठवलं की एक महत्त्वाचा फोन करायचा आहे. तो फोन कुणाला करायचा होता हे त्यांना अजून आठवलेलं नाही.

आता ह्या दाराची भानगड सांगायला हवी. लॉन्ड्रीच्या मधोमध एक भिंत आहे. भिंतीच्या एका अंगाला मळकी बाजू, दुसऱ्या अंगाला स्वच्छ बाजू. धुण्याची मशीनं त्या भिंतीतच बसवलेली, प्रत्येकाला दोन दारं. मळका कपडा इकडच्या दाराने आत टाकायचा, धुतलेला तिकडच्या दाराने बाहेर काढायचा. माणसांनी मात्र इकडून तिकडे सहज जायचं नाही. हात धुवा, डगला बदला, पायातल्या चपला बदला, मग जा. कारण एकच. मळक्या बाजूचे जंतू धुतलेल्या चादरीवर बसले तर धुतलं काय आणि न धुतलं काय.

भिंतीत छातीच्या उंचीवर एक लांबलचक काच आहे. मशीनांची घरघर एवढी की ओरडलं तरी भिंतीपलीकडे ऐकू जात नाही. म्हणून तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षांत हातांची एक भाषा करून ठेवली होती. काचेआडून दोन्ही बाजू दिवसभर गप्पा मारत. डोळ्यांभोवती दोन बोटांची वर्तुळं म्हणजे चष्मेवाले, म्हणजेच सुपरवायझर. गळ्याशी चिमटा म्हणजे बटणताई, कारण फाटक्या गाऊनला बटण लावल्याशिवाय त्यांच्या हातून तो पुढे जात नसे. मूठ उघडून मिटली की रजा, पोटावर हात की जेवण. तळव्यावर दोन बोटं चालवून मागे फिरवायची, अशी एक खूण साहेबांनी फार वेळा पाहिली होती. गाडी रिव्हर्स घेते आहे असं काहीतरी असेल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. अकरा वर्षांत त्यांना हातांची भाषा आलीच नव्हती. आणि संभाषण संपवायचं तर काचेकडे पाठ करायची. तो तिथला फोन ठेवणं.

गुरुवारी साहेब पावणेआठला आले. मनाशी पक्कं होतं. आठच्या घंटेआधी काकांना गाठायचं, आठला घोषणा. पत्रात तसंच होतं, आजपासून लागू. पण डगल्यांच्या कपाटात साहेबांच्या मापाचा डगला सापडेना. एक आखूड, एकाचे बंद तुटलेले, एक त्यांनी घालून पाहिला तर त्यात ते पाळण्यातल्या बाळासारखे दिसू लागले. डगला शोधण्यात किती वेळ गेला म्हणता? घंटा झाली.

"असू दे," साहेब स्वतःशीच म्हणाले. "स्वच्छ बाजूला दहा मिनिटांत सांगून टाकतो आणि तसाच तिकडे जातो. दहा मिनिटांत काय होतंय?"

घडी विभागाची माणसं लांब टेबलाभोवती जमली. मोठी इस्त्री चालवणारी मावशी होती, चादरींच्या टोकांना धरणारी उंच पोरगी होती, जिला सगळे शिडी म्हणत, आणखी सातआठ जणी, आणि टोकाला बटणताई, ज्यांना आपल्याबद्दलच बोलायचं आहे हे माहीत होतं आणि म्हणून ज्या टेबलावरचा न दिसणारा धागा उचलत होत्या. साहेब सगळ्यांना दिसावेत म्हणून भिंतीशी उभे राहिले. पाठ काचेला.

"तर," साहेब म्हणाले, "आनंदाची बातमी आहे." आणि त्यांच्या कपाळावरून एक थेंब टपकला. "बटणताई आजपासून आपल्या शिफ्टच्या सुपरवायझर."

टाळ्या झाल्या. बऱ्या झाल्या, पण शेवटी जरा विरळ.

"म्हणजे आता आम्ही ताई म्हणायचं की मॅडम?" शिडीने विचारलं.

"मॅडम म्हणालीस तर रजा नामंजूर," बटणताई म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या.

"रजेचं आलं म्हणून सांगतो," साहेबांनी कागद उघडला. "रजेचा अर्ज आता माझ्याकडे नाही, ताईंकडे. पुढच्या आठवड्याची रजा या शनिवारच्या आत. कुणी कुठल्या टेबलावर, जेवणाची सुट्टी कुणाची कधी, तो तक्ता ताई लावतील. इस्पितळातून तक्रारीचा फोन आला तर तो त्याच घेतील."

"आणि बटणं?" मावशीने विचारलं.

"अं?"

"फाटका गाऊन आला की आम्ही ताईपुढे टाकतो. आता सुपरवायझरीण बाई बटणं लावत बसणार का? आणि तिच्या टेबलावर घडी कोण घालणार? ती दोघींचं काम एकटी करते, तुम्हाला वरून दिसत नसेल."

साहेबांना खरंच दिसलं नव्हतं. कागदावर नव्या जबाबदाऱ्या सात होत्या. जुन्यांचं काय करायचं याची ओळच नव्हती. त्यांचा घाम कानामागून कॉलरमध्ये उतरला.

"शिडी माझ्या टेबलावर येईल," बटणताई शांतपणे म्हणाल्या. "तिला दोन आठवडे मी शिकवीन. तोवर जड चादरी दोघींनी मिळून. फाटकं कापड माझ्यापुढे टाकायचं नाही, लाल टोपलीत टाकायचं. दुपारी सगळ्या अर्धा तास बसून शिवू."

"हो, हेच," साहेब म्हणाले, जणू कागदात तेच होतं. "आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक धुण्याची मशीनमधून निघणारी कागदाची पट्टी ताई बघतील. पासष्ट अंशांवर सलग दहा मिनिटं पाणी राहिलं तरच जंतू मरतात, हे तुम्हाला माहीत आहे. पट्टीवर ताईंची सही झाल्याशिवाय एकही गठ्ठा गाडीत चढणार नाही. आजपासून गठ्ठा थांबवायचा अधिकार त्यांचा. तो कुणी मोडायचा नाही. मीसुद्धा."

हे वाक्य त्यांनी घरी फ्रिजपुढे चार वेळा म्हटलं होतं. ते नीट जमलं म्हणून त्यांनी वर पाहिलं, तर शिडीचे हात चालले होते. ती साहेबांकडे बघत नव्हती. त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. डोळ्यांभोवती दोन वर्तुळं. गळ्याशी चिमटा. मग दोन्ही हात वर, आनंदाने.

साहेबांना भाषा येत नव्हती, पण तेवढ्या दोन खुणा येत होत्या. ते वळले.

काचेपलीकडे सर्जनकाका उभे होते, हातात एक ओली उशी. त्यांनी शिडीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. मग उशी खाली ठेवली आणि सावकाश काचेकडे पाठ केली.

"काय झालं?" शिडी घाबरली. "मी फक्त सांगितलं. काकांना माहीत नव्हतं?"

बटणताईंनी साहेबांकडे बघितलं. "तुम्ही सांगणार होतात ना?" एवढंच त्या म्हणाल्या आणि साहेबांना वाटलं की जमीन दुभंगली तर बरं, पण तिथली जमीन चांगल्या प्रतीची होती.

लगेच जायचं होतं. साहेब निघालेही. पण दारात ड्रायव्हर उभा. "साहेब, बाळंतिणींच्या वॉर्डाच्या ऐंशी चादरी. तिथे वाट बघतायत. चढवू?"

"चढव, चढव," साहेब म्हणाले, कारण त्यांच्या डोक्यात काकांची पाठ होती.

"थांबा," बटणताई म्हणाल्या. त्यांच्या हातात तीन नंबर मशीनची पट्टी होती. रेघ पासष्टवर चढलेली, सहा मिनिटं सरळ गेलेली आणि मग घसरगुंडीवरून यावी तशी खाली आलेली. "सहाच मिनिटं. वाफेचा व्हॉल्व्ह पुन्हा अडकलाय. हे जाणार नाही. परत धुवायचं."

"ताई, इस्त्री झालीय," मावशी म्हणाली. "घड्या घातल्यात."

"माहीत आहे. त्यातल्या निम्म्या मी घातल्यात."

ड्रायव्हर साहेबांकडे बघू लागला. मावशी साहेबांकडे बघू लागली. सगळ्या टेबलाने मान फिरवली. अधिकाराचं ते वाक्य बोलून पाच मिनिटं झाली होती. चष्मेवाल्यांच्या काळात पट्ट्यांवर संध्याकाळी एकदम सह्या व्हायच्या, गाडी त्याआधीच गेलेली असायची, आणि साहेबांना ते ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडलं. आतून काय येईल ह्याची त्यांनाही खात्री नव्हती.

"ताई म्हणाल्या ना," ते म्हणाले. आवाज थोडा चिरकला, पण आला.

बटणताईंनी इस्पितळात फोन लावला. "ऐंशी चादरी एक वाजता येतील. तोवर राखीव कपाटातल्या वापरा. हो, मी नवीन सुपरवायझर. हो, पहिल्याच दिवशी." पलीकडची कपडे सांभाळणारी बाई बराच वेळ बोलत होती. ताई फोन कानापासून वीतभर लांब धरून ऐकत होत्या.

मग खरी अडचण आली. परत धुवायचा कपडा स्वच्छ बाजूने मशीनमध्ये टाकता येत नाही. तो भिंतीतल्या झडपेतून मळक्या बाजूला द्यावा लागतो, आणि झडपेची कडी मळक्या बाजूने. शिडीने काचेवर टकटक केली. काकांची पाठ हलली नाही. मावशीने टकटक केली. बटणताईंनी काचेला हात लावला आणि नुसत्या उभ्या राहिल्या. पाठ तशीच.

बटणताईंचा चेहरा साहेबांनी पाहिला. पहिला हुकूम, आणि तो ज्याला द्यायचा तोच माणूस बघत नव्हता. आज कडी उघडली नाही, तर उद्यापासून ह्या बाईचं इथे कोण ऐकणार? आणि काका आज असेच टोपी घालून निघून गेले, तर उद्या गठ्ठ्यातली सुई कुणाच्या बोटाला सापडणार?

त्यांनी कपाटातून तो पाळण्यातला डगला ओढला आणि घातला.

मळक्या बाजूला वास वेगळा, उजेड वेगळा. काका टेबलाशी चादरी चाचपत होते. साहेब समोर जाऊन उभे राहिले.

"काका."

"बोला."

"माझं चुकलं."

"ते शिडीने सांगितलं," काका म्हणाले. "एकतीस वर्षं ह्या काचेत मी सगळ्यांच्या बातम्या बघितल्या. कुणाचं लग्न, कुणाला पोरगी झाली. माझी बातमीसुद्धा काचेतच बघायची होती, हे ठाऊक नव्हतं."

"मी सोमवारपासून दारापर्यंत येत होतो."

"दिसत होतं. सगळ्यांना दिसत होतं." काकांनी चादर बाजूला सरकवली. "आता आलाच आहात तर सांगा. काचेच्या त्या बाजूला जे सांगितलंत, ते सगळं. पहिल्यापासून."

आणि साहेबांनी सांगितलं. रजा, तक्ता, तक्रारी, लाल टोपली. गठ्ठा थांबवायच्या अधिकारापाशी आल्यावर ते अडखळले.

"का ती आणि मी का नाही, ते राहिलं," काका म्हणाले.

साहेब म्हणाले, "मुलाखतीत तुम्हाला विचारलं, पट्टी कधी बघता. तुम्ही म्हणालात, पट्टी कशाला, चादरीला हात लावला की कळतं. बटणताई म्हणाल्या, प्रत्येक वेळी बघीन."

"कळतंच मला."

"तीन नंबरच्या ऐंशी चादरी झडपेपाशी आहेत, काका. हात लावून बघा."

काकांनी कडी काढली. झडप उघडली. घड्यांचा ढीग पांढराशुभ्र, इस्त्रीची ऊब अजून होती. त्यांनी वरच्या चादरीत हात घातला, आतून, घडीच्या घडीतून, डोळे मिटून. अख्ख्या लॉन्ड्रीने श्वास धरला. बाहेर गाडीचं इंजिनसुद्धा बंद पडलं, पण ते बहुधा डिझेल संपल्यामुळे.

"स्वच्छ आहे," काका म्हणाले.

झडपेतून बटणताईंचा हात पुढे आला. हातात पट्टी. काकांनी ती लांब धरली, मग जवळ धरली, मग साहेबांच्या खिशातला चष्मा न विचारता काढून लावला. रेघ चढली, सरळ गेली, घसरली. सहा मिनिटं.

बराच वेळ काका पट्टी बघत राहिले. मग त्यांनी आपला तो हात बघितला, पालथा, उताणा, जणू कुणी परक्याचा आहे.

"बाळंतिणींच्या?" त्यांनी विचारलं.

"आणि बाळांच्या," बटणताई झडपेतून म्हणाल्या. "काका, तीन नंबर बंद. चार नंबरला टाका. आणि पट्टी संपल्यावर मला द्या. माझ्याआधी तुम्ही बघा."

"मी? मला कुठे दिसतंय."

"साहेबांचा चष्मा आहे की."

काका हसले नाहीत. पण त्यांनी चष्मा परतही केला नाही. ऐंशीच्या ऐंशी चादरी त्यांनी एकट्याने झडपेतून ओढून चार नंबरमध्ये टाकल्या, दार लावलं, बटण दाबलं. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "राग गेला नाही हं माझा. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. तेवढ्या काळात पुरवून पुरवून वापरीन."

"वापरा," साहेब म्हणाले. हे त्यांना खरंच पटलं होतं.

काचेपलीकडे सगळ्या जणी गोळा झाल्या होत्या. काका काचेसमोर उभे राहिले, तोंड करून. त्यांनी डोळ्यांभोवती वर्तुळं केली नाहीत. गळ्याशी चिमटा घेतला आणि तोच हात डोक्यापर्यंत वर नेला. सुपरवायझरसाठी नवी खूण. शिडीने ती लगेच उचलली, मावशीने उचलली. बटणताई मात्र टेबलावर नसलेला धागा शोधायला खाली वाकल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत.

मग काकांनी डावा तळवा पुढे धरला. त्यावर उजव्या हाताची दोन बोटं चालत गेली, चालत गेली, मनगटापाशी येऊन थांबली. मागे फिरली नाहीत. काचेपलीकडे हशा पिकला. शिडी तर टेबलाला धरून हसत होती.

साहेबांनी गोंधळून विचारलं, "काय म्हणालात? गाडी आली का?"

"आली," काका चष्मा वर ढकलत म्हणाले. "तीन दिवस उशिरा."